भावफलकाचे वाचन : एक आकडा, तीन अर्थ

२०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटोच्या किरकोळ दराने देशातील अनेक शहरांत किलोला शंभर रुपयांची पातळी ओलांडली. केंद्र सरकारने राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघ आणि नाफेड यांच्यामार्फत १४ जुलैपासून दिल्ली परिसरात सवलतीच्या दराने टोमॅटोची विक्री सुरू केली. हा दर प्रथम ९० रुपये किलो होता, तो दोनच दिवसांत ८० रुपयांवर आणि २० जुलैपासून ७० रुपयांवर आणण्यात आला. यासाठीचा माल आंध्र प्रदेश, कर्नाटक व महाराष्ट्रातील बाजारांतून खरेदी करण्यात आला. अशा तेजीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट वेगाने पसरते, ती म्हणजे बाजार समित्यांतील भावफलकांची छायाचित्रे. एखादा शेतकरी, अडत्या किंवा वाहनचालक सकाळी फलकाचे छायाचित्र भ्रमणध्वनीवर टिपतो आणि दुपारपर्यंत ते तीन राज्यांत पोहोचलेले असते. छायाचित्रासोबत बाजाराची रीत मात्र जात नाही.

समजा, अशा एका छायाचित्रात टोमॅटोपुढे १५०० असा आकडा आहे. फलक कर्नाटकातील कोलारचा असेल, तर तेथे टोमॅटोचा व्यवहार सर्वसाधारणपणे १५ किलोच्या पेटीवर होत असल्याने हा भाव किलोला १०० रुपये ठरतो. फलक पुणे जिल्ह्यातील नारायणगावचा असेल, तर तेथील क्रेट २० किलोचा असल्याने भाव ७५ रुपये किलो होतो. हाच आकडा क्विंटलचा असेल, तर टोमॅटो १५ रुपये किलोने विकला गेला आहे आणि त्या दिवशी तेजी नव्हे, तर मंदी आहे. आकडा एकच, परंतु शेतकऱ्याने तोडणी आज करावी की दोन दिवस थांबावे, माल कोणत्या बाजारात न्यावा, याची उत्तरे तिन्ही ठिकाणी वेगळी निघतात.

फलकाच्या छायाचित्रावरून शेतमाल, किमान दर आणि कमाल दर अशा तीन रकान्यांचा तक्ता तयार करणे हे वरवर पाहता कारकुनी काम आहे. वृत्तपत्रांची कार्यालये, शेतकऱ्यांचे गट, सहकारी संस्था, घाऊक खरेदी करणारी उपाहारगृहे अशा अनेक ठिकाणी ते रोज केले जाते. केंद्र सरकारच्या कृषी पणन माहितीचे ॲगमार्कनेट हे संकेतस्थळ २००० सालापासून कार्यरत आहे, तर ई-नाम या राष्ट्रीय कृषी बाजाराचा प्रारंभ १४ एप्रिल २०१६ रोजी झाला. तरीही आपल्या जवळच्या बाजाराचा आजचा भाव हवा असणाऱ्याला बहुतेक वेळा प्रथम छायाचित्रच मिळते, कारण ते संकेतस्थळावरील नोंदीच्या आधी हाती येते. म्हणून ते नीट कसे वाचावे, हा प्रश्न गौण नाही.

एका फलकाचे वाचन

पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डाचे उदाहरण घेऊ. या बाजाराच्या आढाव्यात फळभाज्यांचे भाव प्रति दहा किलो आणि पालेभाज्यांचे भाव शेकडा, म्हणजे शंभर जुड्यांना, देण्याची रीत आहे. मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला ती इतकी परिचित आहे की, अनेकदा परिमाणाची ओळ त्याच्या नजरेतून सुटते. याच रीतीने खडूने लिहिलेला एक फलक डोळ्यांसमोर आणावा. पुढील आकडे कोणत्याही विशिष्ट दिवसाचे नाहीत, ते केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.

फलकाच्या वरच्या भागात फळभाज्या आहेत : कांदा १४०-१८०, बटाटा १६०-२२०, टोमॅटो १००-१८०, गवार गावरान ४००-६००, त्याखाली नाव न देता नुसते ‘सुरती’ आणि ३५०-४५०, तोंडली कळी ३००-३५०, त्याखाली ‘जाड’ १५०-२००, चवळी २००-३००, मटार यापुढे काहीच नाही, आणि शेवगा ५००-७००/-. खालच्या भागात पालेभाज्या आहेत : कोथिंबीर ६००-१२००, मेथी ८००-१४००, चवळई ४००-७००, मुळे ६००-१०००. एकूण नावे चौदा.

वाचनाचा आरंभ आकड्यांपासून नव्हे, तर शीर्षकापासून करावा लागतो. बाजाराचे नाव, तारीख आणि परिमाण या तीन गोष्टी फलकाच्या माथ्यावर किंवा कोपऱ्यात असतात आणि छायाचित्र काढताना नेमका तोच भाग कापला जातो. परिमाण दिसत नसेल, तर तक्ता करण्याआधी ते विचारून घेणे हाच एक मार्ग आहे. आकड्यांवरून परिमाणाचा अंदाज बांधता येतो, हे खरे. कांद्यापुढे १४० असेल तर तो क्विंटलचा भाव असणे कठीण, हे कोणीही सांगेल. परंतु तेजीच्या किंवा मंदीच्या दिवसांत हा अंदाज फसतो, आणि भाव जाणून घेण्याची खरी निकड त्याच दिवसांत असते.

त्यानंतर नावे. फलक लिहिणारा जागा वाचवतो. ‘सुरती’ हे स्वतंत्र भाजीचे नाव नाही. ती गवारीची जात आहे. ‘जाड’ म्हणजे जाड तोंडली. काही फलकांवर नावाच्या जागी दोन उभ्या रेघा किंवा ‘सदर’ असे लिहिलेले असते. तक्त्यात मात्र प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, कारण पुढे कोणी ती वर्णानुक्रमे लावली की वरच्या ओळीशी असलेला तिचा संबंध तुटतो. म्हणून ‘गवार (सुरती)’ आणि ‘तोंडली (जाड)’ असे पूर्ण नाव लिहिणे आवश्यक ठरते. तोंडलीच्या उदाहरणात हे किती महत्त्वाचे आहे ते दिसते. कळीचा किमान भाव ३०० आणि जाडीचा कमाल भाव २०० आहे. दोन्ही एकाच ‘तोंडली’ या नावाखाली एकत्र केल्यास १५०-३५० असा भाव तयार होईल, जो कोणत्याही एका मालाचा नाही.

याच फलकावर एक मात्रेएवढा सापळा आहे. चवळी ही शेंग आहे आणि तिचा भाव दहा किलोचा आहे. चवळई ही पालेभाजी आहे आणि तिचा भाव शंभर जुड्यांचा आहे. धूसर छायाचित्रात ‘ई’ हे अक्षर पुसट झाले, की दोन्ही शब्द एकसारखे दिसतात. त्यांना वेगळे करणारी खात्रीची खूण अक्षरात नसून स्थानात आहे : एक नाव फळभाज्यांच्या यादीत आहे, दुसरे पालेभाज्यांच्या. छायाचित्राचा खालचा अर्धा भागच हाती आला असेल, तर शेजारी कोथिंबीर आहे की शेवगा, हे पाहून निर्णय घ्यावा लागतो.

आता आकडे. देवनागरी अंकांच्या फलकावर वाचणाऱ्याने प्रथम हे ठरवले पाहिजे की अंक मराठी आहेत की इंग्रजी. हे हास्यास्पद वाटेल, परंतु मराठी एक हा इंग्रजी नवासारखा दिसतो आणि मराठी चार हा इंग्रजी आठासारखा. शून्य, दोन आणि तीन हे दोन्ही लिपींत इतके जवळ आहेत की त्यांच्यावरून लिपी ओळखता येत नाही. कांद्यापुढचे १४० घाईत इंग्रजी समजून वाचल्यास ते ९८० होते. एकाच फलकावर दोन्ही लिपी मिसळलेल्या असतात, विशेषतः तारीख इंग्रजी अंकांत आणि भाव मराठी अंकांत, हे तर नित्याचे आहे. म्हणून तारखेवरून लिपीचा निर्णय करू नये. तो भावांच्या रकान्यातील अशा अंकावरून करावा ज्याचे रूप एकाच लिपीत संभवते. मराठी पाच आणि मराठी आठ हे त्यासाठी उपयोगी पडतात. आपल्या फलकावर बटाट्यापुढचा सहा, गवारीतला पाच आणि कांद्यातला आठ पाहिले, की लिपीचा प्रश्न मिटतो.

शेवग्यापुढे ७००/- असे लिहिले आहे. रुपयांनंतर तिरपी रेघ व आडवी रेघ काढण्याची आपली जुनी सवय आहे. ही तिरपी रेघ उभी झाली, की इंग्रजी एकासारखी दिसते आणि सातशेचे सात हजार एक होतात. ही चूक ओळखणे सोपे आहे, कारण घाऊक भाव सर्वसाधारणपणे दहाच्या किंवा पाचाच्या पटीत असतात आणि एकावर संपणारा भाव क्वचितच लिहिला जातो. किमान आणि कमाल यांमधील आडवी रेघ मात्र अधिक त्रासदायक असते. ती पुसट झाली तर १४० आणि १८० मिळून एकच सहा अंकी संख्या उरते. तेथे दोन्ही बाजूंना समान अंकसंख्या असेल असे गृहीत धरण्याचा मोह होतो. परंतु कोथिंबिरीची ओळ पाहावी : ६००-१२००. डावीकडे तीन अंक, उजवीकडे चार.

ओळ घसरते तेव्हा

आतापर्यंत सांगितलेल्या चुका एकेका ओळीपुरत्या आहेत. संपूर्ण तक्ता निरुपयोगी करणारी चूक वेगळीच आहे, आणि ती मटारच्या ओळीत दडलेली आहे.

हंगाम नसल्याने किंवा त्या दिवशी आवक न झाल्याने मटारपुढे भाव लिहिलेला नाही. तक्ता करणारा अनेकदा सोयीसाठी आधी सर्व नावे वरून खाली उतरवून घेतो आणि मग सर्व आकडे वरून खाली उतरवतो. नावे चौदा आहेत आणि भावांच्या जोड्या तेरा. मोकळी जागा ध्यानात आली नाही, तर शेवग्याचा ५००-७०० हा भाव मटारला मिळतो, शेवग्याला कोथिंबिरीचा ६००-१२०० मिळतो, कोथिंबिरीला मेथीचा, मेथीला चवळईचा, चवळईला मुळ्याचा, आणि मुळे रिकामे राहतात. सहा ओळी चुकल्या, त्यांपैकी पाच चुकीच्या भावाने भरल्या आणि एक विनाकारण रिकामी राहिली. शिवाय शेवग्याला दहा किलोच्या भावाऐवजी शंभर जुड्यांचा भाव चिकटला.

या चुकीचे वैशिष्ट्य असे की, ती आकड्यांच्या तपासणीत सापडत नाही. किमान भाव कमाल भावापेक्षा कमी असावा, ही प्रत्येक तक्त्याची पहिली कसोटी. येथे प्रत्येक जोडी ती कसोटी उत्तीर्ण होते, कारण जोड्या शाबूत आहेत, फक्त त्यांचे धनी बदलले आहेत. शेवग्याचा ६००-१२०० हा भावही अशक्य वाटत नाही, कारण तेजीच्या दिवसांत शेवगा तेवढा जातो. चूक उघड करणारी खूण एकच : तळाशी मुळे रिकामे आहेत. दुर्दैवाने, तळाची ओळ फलकावर रिकामी असणे हेही नैसर्गिक वाटते, आणि तक्ता करणारा पुढे जातो.

छायाचित्र तिरपे असले, की हाच प्रकार मोकळ्या जागेशिवायही घडतो. फलक उंच असतो, गर्दीतून एका बाजूने छायाचित्र काढले जाते, आणि नावांची ओळ व भावांची ओळ यांत उतार येतो. फलकाच्या रुंदीनुसार हा उतार एका ओळीच्या उंचीएवढाही होऊ शकतो. अशा वेळी डावीकडचे नाव आणि त्याच्या अगदी सरळ रेषेतील उजवीकडचा आकडा हे एकमेकांचे नसतात. उपाय जुनाच आहे, हिशेबाच्या वहीत पट्टी ठेवण्याचा. फलकाच्या वरच्या आणि खालच्या चौकटीच्या कडेला समांतर पट्टी धरून एकेक ओळ वाचावी, नाव व भाव एकाच वेळी उतरवावेत, आणि पहिली, मधली व शेवटची ओळ निश्चित झाल्याखेरीज बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवू नये. मोकळ्या ओळीत शून्य न लिहिता रेघ मारावी. शून्य हा भाव आहे, रेघ ही अनुपस्थिती आहे, आणि महिन्याची सरासरी काढताना या दोहोंतील फरक मोठा पडतो.

राहिला टोमॅटो. फलक रोज ओल्या फडक्याने पुसला जातो आणि कालच्या खडूची छाया मागे राहते. टोमॅटोच्या किमान भावातील मधला अंक शून्य आहे की पाच, हे छायाचित्रात स्पष्ट होत नाही, असे समजा. १०० असेल तरी कमाल १८० शी तो जुळतो, १५० असेल तरी जुळतो. कालचा भाव पाहिला तर अंदाज येईल, परंतु अंदाज म्हणजे वाचन नव्हे. भाव बदलला आहे की नाही हेच जाणून घ्यायचे असताना कालच्या भावावरून आजचा अंक ठरवणे म्हणजे उत्तर आधी लिहून गणित सोडवणे होय. ताज्या खडूची रेघ पांढरी व कडा धारदार असते, तर पुसलेल्या अंकाची छाया राखाडी आणि पसरट असते. छायाचित्र मोठे करून हा भेद दिसला तर ठीक, अन्यथा त्या घरात प्रश्नचिन्ह ठेवावे आणि दुसरे छायाचित्र मागवावे. माझ्या मते प्रश्नचिन्ह असलेला तक्ता हा भरलेल्या तक्त्यापेक्षा अधिक विश्वासार्ह असतो, मग तो वरिष्ठांना आवडो वा न आवडो.

विजेच्या दिव्यांचे फलक आता अनेक बाजारांत आले आहेत आणि त्यामुळे अक्षराचा प्रश्न सुटला, असे मानले जाते. त्यांची स्वतःची अडचण आहे. अशा फलकावरील दिवे एकाच वेळी न लागता वेगाने आळीपाळीने लागतात. डोळ्याला ते अखंड दिसतात, पण छायाचित्रात क्षणभर विझलेला भाग काळा येतो. आठाची मधली रेघ गेली की शून्य उरतो, एक बाजूची रेघ गेली की सहा किंवा नऊ उरतो, आणि हे अंक इतके सुबक दिसतात की शंकाही येत नाही. एकाच फलकाची दोन-तीन छायाचित्रे पाठोपाठ काढून ती ताडून पाहणे, एवढाच यावर साधा उपाय आहे.

सर्व पायऱ्या झाल्यावर आपल्या फलकाचा तक्ता एक न राहता दोन होतो. वरचा असा :

फळभाज्या (रुपये, प्रति १० किलो)
शेतमाल | किमान | कमाल
कांदा | १४० | १८०
बटाटा | १६० | २२०
टोमॅटो | ? | १८०
गवार (गावरान) | ४०० | ६००
गवार (सुरती) | ३५० | ४५०
तोंडली (कळी) | ३०० | ३५०
तोंडली (जाड) | १५० | २००
चवळी (शेंग) | २०० | ३००
मटार | – | –
शेवगा | ५०० | ७००

पालेभाज्यांचा तक्ता स्वतंत्र, त्याच्या माथ्यावर ‘शंभर जुड्यांना’ असे परिमाण. शासकीय नोंदींशी तुलना करायची असेल, तर फळभाज्यांचे आकडे दहाने गुणून क्विंटलचे करता येतात : कांदा १४०० ते १८००. जुड्यांच्या भावाला मात्र असा गुणक नाही. जुडी पावसाळ्यात वेगळ्या वजनाची असते, उन्हाळ्यात वेगळ्या, आणि एका गावची जुडी दुसऱ्या गावच्या जुडीएवढी असेलच असे नाही. तेव्हा कोथिंबिरीचा किलोचा भाव या फलकावरून काढण्याचा प्रयत्न करू नये.

प्रांत बदलला की

महाराष्ट्राबाहेरील फलक वाचताना परिमाणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. दिल्लीच्या आझादपूर बाजारात व्यापारी कांद्या-बटाट्याचा भाव मणात बोलतात आणि तो मण चाळीस किलोचा असतो. गुजरातच्या बाजार समित्यांतही मण हाच शब्द आहे, परंतु तेथील मण वीस किलोचा. एकाच शब्दाने सांगितलेले दोन भाव शेजारी ठेवले, तर अहमदाबादचा कांदा दिल्लीच्या निम्म्या किमतीत मिळतो, असा भास होईल. गुजराती अंकांतील एकही इंग्रजी नवाची आठवण करून देतो, हे वर सांगितलेच्या ओघात ध्यानात ठेवावे.

भाषांतराचे काम करणाऱ्यांना याहून मोठा धोका नावांचा आहे, कारण हिंदी फलक मराठी वाचकाला कळतो असे वाटते, आणि हे वाटणेच घात करते. दिल्लीच्या फलकावरील ‘गोभी’ म्हणजे आपला कोबी नव्हे, तर फ्लॉवर. कोबीसाठी तेथे ‘बंद गोभी’ किंवा ‘पत्ता गोभी’ असे लिहिलेले असते. ‘परवल’ म्हणजे आपले पडवळ नव्हे. ती हाताच्या बोटाएवढी, तोंडल्याहून थोडी मोठी अशी वेगळीच भाजी आहे आणि उत्तर व पूर्व भारतात ती आवडीने खाल्ली जाते. सर्वांत गमतीचे उदाहरण ‘सीताफल’ या शब्दाचे. दिल्लीच्या भाजीबाजारात हा शब्द तांबड्या भोपळ्यासाठी वापरतात. मराठी वाचकाने तो फळांच्या तक्त्यात टाकला, तर क्विंटलला विलक्षण स्वस्त सीताफळ मिळाल्याची बातमी तयार होईल. असे शब्द अनुवादित करताना तक्त्यात मूळ शब्दही ठेवणे हिताचे, म्हणजे पुढील वाचकाला पडताळा घेता येतो.

किमान आणि कमाल यांच्यामध्ये

नावे बरोबर, आकडे बरोबर आणि परिमाणही बरोबर असले, तरी हा तक्ता काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे वेगळे पाहावे लागते. किमान भाव हा त्या दिवशी विकल्या गेलेल्या सर्वांत हलक्या प्रतीच्या मालाचा आणि कमाल भाव सर्वांत उत्तम प्रतीच्या मालाचा असतो. दोहोंपैकी कोणत्या भावाने किती माल गेला, हे फलकावर नसते. म्हणूनच शासकीय नोंदींत सर्वसाधारण दर असा तिसरा रकाना असतो. ज्या भावाने सर्वाधिक माल विकला गेला, तो हा दर.

फलकावर तो लिहिलेला नसेल, तर तक्ता करणारे किमान आणि कमाल यांची बेरीज करून निम्मे करतात. ही पद्धत किती फसवी आहे ते एका साध्या हिशेबावरून कळेल. एका दिवशी टोमॅटोचे शंभर क्रेट आले. त्यांतील नव्वद क्रेट दहा किलोला ११० रुपये भावाने गेले आणि निवडक मालाचे दहा क्रेट १८० रुपयांनी. फलकावर ११०-१८० लागेल. निम्मे केल्यास १४५ येतात. या भावाने त्या दिवशी एकही क्रेट विकला गेलेला नाही. प्रत्यक्ष वजनी सरासरी ११७ आहे आणि सर्वसाधारण दर ११०. ज्या शेतकऱ्याने वृत्तपत्रात ‘टोमॅटो १८० रुपयांवर’ असा मथळा वाचून माल पाठवला, त्याच्या हिशेबपट्टीवर ११० आला, तर अडत्याने फसवले असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. अडत्यानेही कधी फसवलेले असू शकते. परंतु या उदाहरणात दोष मथळ्याचा आहे, आणि तो मथळा ज्या तक्त्यावर आधारला त्यात कमाल दराचा रकाना किमान दराच्या रकान्यापेक्षा अधिक उत्साहाने वाचला गेला.

दोन टोकांमधील अंतर हीदेखील एक माहिती आहे, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. गवारीचा ४००-६०० हा भाव व बटाट्याचा १६०-२२० हा भाव सुकाळाच्या नेहमीच्या दिवसांतील आहे, असे मानू. पावसात भिजलेला माल आल्यावर कमाल भाव तसाच राहून किमान भाव एकदम कोसळतो, कारण कोरडा माल कमी आणि ओला माल पुष्कळ असतो. अशा दिवशी ‘गवार १५०-६००’ असे दिसले, तर ती वाचनातील चूक असेल असे वाटून तक्ता करणारा १५० चे ४५० करून टाकण्याची शक्यता असते. येथे हवामानाची बातमी उपयोगी पडते. एकाच फलकावरील काकडी, भेंडी, दोडका अशा अनेक भाज्यांचे किमान भाव एकाच वेळी खाली आलेले असतील, तर ते खरे मानावे. एकट्या गवारीचेच आले असतील, तर पुन्हा छायाचित्राकडे जावे.

फलकावरील भावाला आणखी एक मर्यादा आहे. महाराष्ट्रात २०१६ साली फळे व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून वगळण्यात आला, आणि त्यानंतर समितीच्या आवाराबाहेर होणारे व्यवहार फलकावर येण्याचे कारण उरले नाही. शेतावरच होणारी थेट खरेदी, साखळी दुकानांची संकलन केंद्रे, शेतकरी आठवडी बाजार यांतील भाव वेगळे असू शकतात. शिवाय फलकावरचा भाव सकाळच्या लिलावाचा असतो. दुपारी उरलेला माल, विशेषतः पालेभाजी, मिळेल त्या किमतीला निघते आणि ती किंमत कोणी फलकावर लिहीत नाही. हमाली, तोलाई आणि वाहतूक वजा जाता शेतकऱ्याच्या हाती काय पडते, हेही येथे नाही.

शेवटी तारखेचा प्रश्न उरतो. संदेशातून पुढे पाठवलेल्या छायाचित्रासोबत ते केव्हा काढले याची मूळ नोंद बहुधा राहत नाही. प्राप्तीची वेळ तेवढी दिसते. बाजाराच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी फलक पुसला जात नाही, त्यामुळे त्या दिवशी काढलेल्या छायाचित्रात आदल्या दिवसाचे भाव असतात आणि तारीखही आदल्या दिवसाची असते. तारखेचा कोपरा छायाचित्रात असल्यास तो तक्त्याच्या माथ्यावर जसाच्या तसा उतरवावा. नसल्यास छायाचित्र मिळाल्याची तारीख लिहून त्यापुढे ‘फलकावरील तारीख दिसत नाही’ अशी नोंद करावी, आणि तो तक्ता दैनंदिन भावांच्या मालिकेत न घालता बाजूला ठेवावा.